जपानी मेंदूज्वर: शेजारच्या मुलाने घेतलेली लस तुमच्या मुलाला का वाचवत नाही

२००५ साली जुलै ते नोव्हेंबर या पाच महिन्यांत पूर्व उत्तर प्रदेशातल्या गोरखपूर आणि आसपासच्या सात जिल्ह्यांत मेंदूज्वराचे ५,७३७ रुग्ण नोंदले गेले आणि त्यांतले १,३४४ दगावले. त्यांत बहुतांश मुलं होती. ही साथ एका मुलाकडून दुसऱ्या मुलाला लागत नव्हती. आजारी मुलाजवळ बसून, त्याच्या ताटात जेवून किंवा त्याला चावलेला डास दुसऱ्याला चावूनही हा रोग पसरत नाही. तरीही एकाच तालुक्यातल्या लांबलांबच्या गावांत एकाच आठवड्यात मुलं बेशुद्ध पडत होती. हे कसं घडतं ते कळलं की या रोगाची लस प्रत्येक मुलाला स्वतंत्रपणे का द्यावी लागते, तेही आपोआप कळतं.

रोगाचं नाव जपानी मेंदूज्वर. आरोग्य खात्यात त्याला सरळ 'जेई' म्हणतात. विषाणू डेंगीच्या कुळातला आहे, पण दोघांच्या सवयी अगदी वेगळ्या. डेंगीचा डास घरातल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, दिवसा चावतो आणि विषाणू एका माणसाकडून दुसऱ्याकडे नेतो. जेईचा डास म्हणजे क्युलेक्स विश्नुई गटातला, शेतातला डास. भाताच्या खाचरात, विदर्भाच्या भाषेत धानाच्या बांधीत, साचलेल्या पाण्यात त्याच्या अळ्या वाढतात. तो संध्याकाळी अंधारून आल्यापासून रात्रभर चावतो, बहुधा घराबाहेर. माणसाचं रक्त ही त्याची पहिली पसंती नाही. त्याला गुरं आणि डुकरं आवडतात. माणूस जवळ सापडला तर चावतो, एवढंच.

विषाणूचं मूळ घर पाणथळीतल्या पक्ष्यांमध्ये आहे. गाय बगळा, वंचक, रातबगळा असे पाण्यात पाय रोवून उभे राहणारे पक्षी खाचरांतच चरतात आणि डासही तिथेच जन्मतात. पक्ष्याच्या रक्तात काही दिवस विषाणू फिरत राहतो आणि पक्षी मात्र ठणठणीत असतो. त्या दिवसांत चावलेला डास विषाणू घेऊन जातो. डासाच्या पोटातून लाळेत पोचायला विषाणूला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. त्यानंतर तो डास जिवंत असेपर्यंत ज्याला चावेल त्याच्या अंगात विषाणू सोडू शकतो. पक्षी आणि डास एवढ्यावरच हे चक्र वर्षानुवर्षं चालू शकतं. माणसाला त्याची खबरही लागत नाही.

गडबड होते ती मधे डुक्कर आलं की. डुकराला संसर्ग झाला की त्याच्या रक्तात विषाणूचं प्रमाण दोन ते चार दिवस प्रचंड वाढतं, इतकं की त्याला चावणाऱ्या डासांपैकी बरेचसे विषाणूवाहक होऊन बाहेर पडतात. एका डुकराला एका रात्रीत शेकडो डास चावू शकतात. आणि डुक्कर आजारीही दिसत नाही. गाभण मादी असेल तरच तिची पिल्लं मेलेली किंवा वाळून गेलेली जन्मतात, तेवढाच बाहेरून दिसणारा पुरावा. २०२२ च्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियात हा विषाणू दक्षिणेकडच्या राज्यांपर्यंत पसरल्याचं लक्षात आलं ते डुक्करपालन केंद्रांत अशी मृत पिल्लं जन्मू लागल्यावरच.

एकदा संसर्ग होऊन गेलेलं डुक्कर पुन्हा विषाणू वाढवत नाही, कारण त्याच्या अंगात प्रतिपिंडं तयार झालेली असतात. मग दरवर्षी साथ का येते? कारण डुक्कर फार दिवस जगू दिलं जात नाही. मादी वर्षातून दोनदा विते, एका वेताला आठ-दहा पिल्लं होतात, आणि सहा-आठ महिन्यांची झाली की ती विकली जातात. आईच्या दुधातून मिळालेलं संरक्षण दोन-चार महिन्यांत ओसरतं. म्हणजे दर पावसाळ्यात गावाच्या कडेला विषाणूला अजिबात न भेटलेल्या डुकरांचा नवा कळप तयार असतो. डुकरांनाच लस द्यावी ही कल्पना कागदावर चांगली वाटते. पण दर वेताची पिल्लं अचूक वयात पकडावी लागतात: आईची प्रतिपिंडं असताना लस टोचली तर ती लागू होत नाही, आणि ती ओसरेपर्यंत थांबलं तर डास आधी पोचतो. मोकाट डुकरांच्या बाबतीत तर हे जवळपास अशक्यच.

गुरांचं उलट आहे. गाई-म्हशींना हे डास भरपूर चावतात, संसर्गही होतो, पण त्यांच्या रक्तात विषाणू इतका वाढत नाही की पुढच्या डासाला लागावा. माणसाचंही तसंच. विषाणूच्या दृष्टीने माणूस म्हणजे बंद गल्ली: आत शिरतो, पण पुढे जायला वाट नाही. म्हणूनच रुग्णाला वेगळं ठेवून साथ थांबत नाही.

आता गोरखपूरकडे परत येऊ. हा हिमालयाच्या पायथ्याचा तराईचा पट्टा. नद्यांचं पाणी पसरतं, जमीन सखल, पावसाळाभर पाणी साचलेलं. जूनअखेर ते जुलैत भाताची रोवणी होते आणि मैलोन् मैल उथळ पाणी तयार होतं. त्या पाण्यात डासांच्या पिढ्या वाढत जातात. जुलै-ऑगस्टमध्ये विषाणू पक्ष्यांतून डुकरांत शिरतो, डुकरांतून हजारो डासांत जातो, आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात मुलांचे वॉर्ड भरतात. लांबलांबच्या गावांत एकाच आठवड्यात रुग्ण दिसतात ते यामुळे. डास एक-दोन किलोमीटर उडतो, पण प्रत्येक गावाजवळ तीच खाचरं, तेच बगळे आणि तशीच डुकरं असतात. चक्र सगळीकडे एकाच वेळी पक्व होतं.

रुग्णालयात दिसतो तो हिमनगाचा शेंडा. विषाणू अंगात गेलेल्या सुमारे २५० जणांपैकी एकालाच मेंदूज्वर होतो. बाकीच्यांना काही कळत नाही किंवा दोन दिवस साधा ताप येऊन जातो. म्हणजे एखाद्या गावात एक मूल जेईने बेशुद्ध पडलं असेल, तर त्या भागात शेकडो लोकांना आधीच संसर्ग होऊन गेलेला असण्याची शक्यता मोठी आहे. हा २५० चा आकडा दिलासा देणारा वाटतो, पण ज्या एकाला आजार होतो त्याचं पुढे काय होतं ते पाहा. मेंदूज्वर झालेल्यांपैकी ३० टक्क्यांपर्यंत दगावतात. वाचलेल्यांपैकी ३० ते ५० टक्क्यांना कायमचं काहीतरी मागे राहतं: हात-पाय लुळे पडणं, बोलणं जाणं, वारंवार झटके, शिकण्याची क्षमता घटणं, वागणं बदलणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे एक लाख लोकांना हा मेंदूज्वर होतो आणि सुमारे २५,००० त्यात मरतात.

मुलांवरच हा घाला जास्त का? विषाणूला मुलं खास आवडतात असं नाही. जिथे तो पिढ्यान्पिढ्या आहे तिथे मोठी माणसं लहानपणीच, नकळत, संसर्ग होऊन सुरक्षित झालेली असतात. असुरक्षित उरतात ती मुलंच. याचा पुरावाही आहे. जिथे विषाणू नव्याने पोचतो तिथे साठीतली माणसंही आजारी पडतात. आसाम आणि उत्तर बंगालच्या काही भागांत मोठ्या माणसांमध्ये रुग्ण वाढले, म्हणून तिथे निवडक जिल्ह्यांत प्रौढांनाही लस द्यावी लागली.

आजाराची चाल अशी असते. डास चावल्यानंतर ४ ते १४ दिवसांनी जोराचा ताप येतो, डोकं दुखतं, उलट्या होतात. इथपर्यंत तो कोणत्याही तापासारखाच दिसतो. मग एक-दोन दिवसांत मूल गुंगायला लागतं, ओळखेनासं होतं, असंबद्ध बोलतं किंवा त्याला झटके येतात. लहान मुलांत झटके फार जास्त दिसतात. विषाणू मेंदूच्या खोल भागावर, म्हणजे थॅलॅमस आणि हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या केंद्रांवर जास्त मारा करतो. म्हणून काही मुलांचा चेहरा निर्विकार, मुखवट्यासारखा होतो, हात थरथरतात, अंग ताठरतं. काहींना एखादा पाय अचानक लुळा पडतो आणि ते पोलिओसारखं वाटतं.

घरी करायचं काम एकच: ताप आणि त्यासोबत झटका किंवा शुद्धीत फरक दिसला की त्याच क्षणी १०८ ला फोन करून मोठ्या रुग्णालयात न्यायचं. जाईपर्यंत मुलाला कुशीवर झोपवा, म्हणजे उलटी श्वासनलिकेत जाणार नाही. तोंडात चमचा, पाणी, औषध काहीही घालू नका. दात घट्ट मिटलेले असताना चमचा घुसवला तर दात तुटतात, आणि गुंगीत दिलेलं पाणी फुप्फुसात जातं. झटका किती वेळ चालला ते घड्याळात बघून ठेवा. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतील.

जेईच्या विषाणूवर औषध नाही. उपचार म्हणजे झटके थांबवणं, श्वास सांभाळणं, रक्तातली साखर आणि क्षार जागेवर ठेवणं, मेंदूची सूज वाढू न देणं. हे वेळेवर झालं तर जीव वाचतो, पण मेंदूचं जे नुकसान आधीच झालेलं असतं ते भरून काढणारं काही नाही. लसीवर एवढा भर असतो तो यामुळे.

निदानाबद्दल एक गोष्ट पालकांना माहीत असावी. पाठीतून काढलेल्या पाण्यात आणि रक्तात जेईविरोधी आयजीएम प्रतिपिंडं शोधतात. त्यासाठीचे संच पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था तयार करून देशभरातल्या प्रयोगशाळांना पुरवते. पण प्रतिपिंडं तयार व्हायला दिवस लागतात. आजाराच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत घेतलेल्या नमुन्यात चाचणी निगेटिव्ह आली तर जेई नाही असं ठरत नाही. काही दिवसांनी दुसरा नमुना घ्यावा लागतो. पाठीतल्या पाण्यात ही प्रतिपिंडं सापडली तर निदान जास्त भक्कम, कारण डेंगी आणि जेई एकाच कुळातले असल्याने नुसत्या रक्ताच्या चाचणीत दोघांची गल्लत होऊ शकते.

दुसरी गल्लत याहून मोठी आहे. ताप आणि बेशुद्धी म्हणजे जेईच असं नाही. डॉक्टर आधी त्याला फक्त 'तीव्र मेंदूज्वर लक्षणसमूह' म्हणतात आणि मग कारण शोधतात. गोरखपूरमध्येच लसीकरण वाढल्यावर जेईचं प्रमाण घटलं, पण वॉर्ड रिकामे झाले नाहीत. लोक म्हणू लागले की लस कुचकामी आहे. पुढे तपास झाला तेव्हा उरलेल्या रुग्णांपैकी मोठा हिस्सा स्क्रब टायफसचा निघाला. हा आजार गवता-झुडपांतल्या अतिसूक्ष्म किड्यांच्या अळ्या चावून होतो, जिवाणूजन्य आहे, आणि डॉक्सिसायक्लिन किंवा अझिथ्रोमायसिनने वेळेत बरा होतो. जेईची लस त्याला रोखणार नाही, कारण तो जेईच नाही. विदर्भात तर तिसरा उमेदवारही आहे: चंडीपुरा विषाणू. १९६५ मध्ये तो नागपूरजवळच्या चंडीपुरा गावात पहिल्यांदा सापडला आणि त्याच्यावरूनच त्याला नाव मिळालं. तो वाळूमाशीमुळे पसरतो आणि मुलांना एक-दोन दिवसांतच गाठतो. म्हणून मुलाने जेईची लस घेतली आहे एवढ्यावर विसंबून तापातली गुंगी कधीही घरी बघत बसू नये.

आता लस. २००५ पर्यंत भारतात उंदरांच्या मेंदूत विषाणू वाढवून तयार केलेली लस होती. ती कसौलीच्या केंद्रीय संशोधन संस्थेत बनत असे. तिचे तीन डोस लागत आणि उत्पादन इतकं मर्यादित की करोडो मुलांपर्यंत पोचणं शक्यच नव्हतं. गोरखपूरच्या साथीनंतर सरकारने चीनमधल्या चेंगडूची, 'एसए १४-१४-२' नावाची, जिवंत पण निष्प्रभ केलेल्या विषाणूची लस आणली. २००६ मध्ये उत्तर प्रदेश, आसाम, पश्चिम बंगाल आणि कर्नाटकातल्या ११ जिल्ह्यांत १ ते १५ वर्षांच्या सुमारे ९३ लाख मुलांना ती दिली गेली. या लसीवरचा विश्वास नेपाळमधल्या अनुभवातून आला होता. तिथल्या तराईत १९९९ मध्ये एकच डोस दिला, तेव्हा त्या हंगामातलं संरक्षण ९९ टक्क्यांच्या आसपास दिसलं आणि पाच वर्षांनंतरही ९६ टक्क्यांच्या जवळपास टिकलं. तरी भारताने नियमित लसीकरणात २०१३ पासून एकाऐवजी दोन डोस केले. पुढे स्वदेशी लसही आली. 'जेनव्हॅक' ही मृत विषाणूची लस १९८१ मध्ये कर्नाटकातल्या कोलारमध्ये सापडलेल्या विषाणूवर आधारित आहे.

सरकारी वेळापत्रकात पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, गोवर-रुबेलासोबत. दुसरा १६ ते २४ महिन्यांत, गोवर-रुबेलाच्या दुसऱ्या डोससोबत. प्रत्येक वेळी अर्धा मिलिलिटर. जिवंत लस डाव्या दंडावर कातडीखाली टोचतात, गोवर-रुबेलाची उजव्या दंडावर. मृत लस मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत देतात. जेईची जिवंत लस आणि गोवर-रुबेलाची लस, या दोन्ही जिवंत लसी एकाच दिवशी दोन वेगळ्या जागी देता येतात. एकाच दिवशी जमलं नाही तर मात्र मधे चार आठवडे जाऊ द्यावे लागतात. 'एका दिवसात दोन सुया नकोत' म्हणून पालक एक पुढे ढकलतात, ती बऱ्याचदा राहूनच जाते, आणि पुढचा पावसाळा त्याच मुलाचा असुरक्षित जातो.

जिवंत लसीची कुपी कोरड्या भुकटीच्या रूपात असते. ती तिच्यासोबत आलेल्या द्रावणातच मिसळायची, २ ते ८ अंश सेल्सियसला ठेवायची आणि मिसळल्यापासून चार तासांत वापरायची. उरली तर टाकून द्यायची. त्यामुळे उपकेंद्रात आपलं एकटंच बाळ आलं तर परिचारिका कधीकधी पुढच्या सत्राला बोलावते, कारण एका कुपीत पाच डोस असतात. अशा वेळी पुढची तारीख कार्डावर लिहून घ्या आणि आशाताईंच्या कानावर घाला. लसीनंतर टोचल्या जागी दुखणं, हलका ताप किंवा चिडचिड एवढंच सहसा होतं. खूप ताप असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती कमकुवत असलेल्या मुलाला आणि गर्भवतीला जिवंत लस देत नाहीत.

आणि आता तो मूळ प्रश्न. गोवरात बहुतेक मुलांनी लस घेतली की विषाणूला फिरायला माणसं उरत नाहीत आणि न घेतलेलं मूलही काही प्रमाणात वाचतं. जेईत हे होत नाही. गावातल्या ९९ मुलांनी लस घेतली तरी बगळे, डुकरं आणि डास यांच्यातलं चक्र तसूभरही कमी होत नाही, कारण त्या चक्रात माणूस कधी नव्हताच. शंभरावं मूल तितकंच उघडं राहतं. जपानमध्ये एकेकाळी दरवर्षी हजारो रुग्ण होत. १९६०च्या दशकापासून मुलांचं लसीकरण वाढत गेलं आणि आता वर्षाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके रुग्ण होतात. पण तिथे दर उन्हाळ्यात डुकरांचं रक्त तपासतात तेव्हा संसर्गाच्या खुणा आजही सापडतात. विषाणू कुठेही गेलेला नाही. फक्त मुलं त्याच्यापासून सुरक्षित झाली आहेत.

डासांचं काय? घरात भिंतींवर फवारणी मलेरियात उपयोगी पडते. जेईचा डास मात्र चावून झाल्यावर बहुधा बाहेर झाडा-झुडपांत बसतो, त्यामुळे तिचा परिणाम तोकडा पडतो. धूरफवारणी साथीच्या वेळी उडते डास मारते, पण खाचरातल्या अळ्यांना तिचं काही होत नाही. खाचरात पाणी सतत उभं न ठेवता मधूनमधून आटू दिलं तर अळ्या मरतात, पण हे जमायला पाणी हवं तेव्हा परत मिळण्याची खात्री लागते आणि आजूबाजूच्या सगळ्यांनी एकत्र करावं लागतं. अळ्या खाणारे गप्पी मासे डबकी आणि तळ्यांसाठी ठीक. सर्वांत जास्त जमण्यासारखं काम म्हणजे डुकरांचा वाडा वस्तीपासून लांब नेणं आणि अंधार पडल्यावर मुलांना अंगभर कपडे घालून, मच्छरदाणीत ठेवणं. पण संध्याकाळी सात वाजता अंगणात खेळणाऱ्या मुलाला मच्छरदाणी वाचवत नाही, म्हणून ती लसीला पर्याय ठरू शकत नाही.

सरकारी लस सगळ्या जिल्ह्यांत मिळत नाही. ज्या जिल्ह्यांत रोग आढळतो तिथेच ती नियमित वेळापत्रकात असते. महाराष्ट्रात विदर्भाचा धानपट्टा या रोगाशी जुना परिचित आहे आणि गोवाही रोगग्रस्त राज्यांत मोडतो. तुमचा जिल्हा यादीत आहे का, हे प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा आणि माता-बाल संरक्षण कार्डावर नऊ महिने आणि १६ ते २४ महिने या दोन्ही रकान्यांत जेईसमोर तारीख पडली आहे का ते बघा. रकाना रिकामा असेल आणि मूल दोन वर्षांहून मोठं झालं असेल तरी लस सुटली असं समजू नका. अशा जिल्ह्यांत १५ वर्षांपर्यंत ती देता येते. पुणे-मुंबईहून सुट्टीत तराईत, आसामात किंवा भातशेतीच्या अशा भागात महिनाभर राहायला जाणार असाल, तर बालरोगतज्ज्ञांकडे खासगीत मिळणाऱ्या मृत विषाणूच्या लसीची चौकशी निघण्याआधी किमान सहा आठवडे करा. तिचे दोन डोस चार आठवड्यांच्या अंतराने घ्यावे लागतात आणि दुसऱ्या डोसनंतर प्रवासापूर्वी निदान एक आठवडा मोकळा ठेवावा लागतो.